सुविचाराखाली काय लिहायचं: भाष्य आणि निरीक्षण यांतला फरक

सकाळी फोन उघडला की नातेवाइकांच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर सुविचार आलेले असतात. पाठवणाऱ्याच्या मनात आपल्याबद्दल माया असते, म्हणूनच तो पाठवतो. तरीही बहुतेक सुविचार आपण न वाचताच पुढे सरकवतो. मग कोणीतरी सल्ला देतं की नुसता सुविचार टाकू नका, त्याखाली स्वतःचं काहीतरी लिहा. लोक मनापासून चार ओळी लिहितात, आणि पोस्ट होती तशीच शिळी राहते.

याचं कारण म्हणजे ‘स्वतःचं काहीतरी’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक भाष्य, म्हणजे सुविचार आपल्याला कसा पटला, त्याचा अर्थ काय, त्यातून काय घ्यावं. दुसरं निरीक्षण, म्हणजे त्या सुविचाराशी संबंधित असं आपण प्रत्यक्ष काय पाहिलं. दोन्ही आपल्याच शब्दांत असतात आणि दोन्हींत ‘मी’ येऊ शकतो, त्यामुळे लिहिताना फरक कळत नाही. वाचणाऱ्याला मात्र पहिल्याच ओळीत कळतो.

तुकाराम महाराजांच्या एका अभंगात हे दोन्ही शेजारी शेजारी सापडतं. त्यातली ‘नव्हे ऐसें कांहीं नाहीं अवघड । नाहीं कईवाड तोंच वरी’ ही ओळ म्हणजे सरळ सुविचार आहे: प्रयत्न होत नाही तोवरच गोष्ट अवघड. आज चित्रावर छापून पाठवावी अशी ती आहे. पण अभंग तिच्यापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’ या ओळीने, आणि पुढे येतं ‘दोरें चिरा कापे पडिला कांचणी’. ओलं, मऊ मूळ खडक फोडतं. घासून घासून दोर घडीव दगड कापतो. जुन्या विहिरींच्या काठावर दोराने पडलेल्या अशा खाचा आजही दिसतात, बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतात. ‘अवघड काही नाही’ हे कोणीही म्हणू शकतं, पण दगडावरची खाच पाहिलेली असावी लागते. त्या दोन ओळींमुळे मधल्या सुविचाराला वजन येतं. तुकोबांनी तो समजावून सांगितला नाही, डोळ्यांपुढे ठेवला.

आता आपल्या रोजच्या पोस्टकडे येऊ. आमच्या शेजारच्या काकू महिला बचत गटाचा हिशोब ठेवतात. गटाच्या ग्रुपवर त्यांना ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण टाकायची होती. त्यांनी आधी लिहिलं ते असं:

‘थेंबे थेंबे तळे साचे. खरंच, छोट्या छोट्या प्रयत्नांतूनच मोठं यश मिळतं. आजची लहानशी बचत उद्याचा मोठा आधार ठरते. म्हणून आजपासूनच सुरुवात करा.’

यात चूक काहीच नाही. पण म्हणीत जे आहे तेच पुन्हा तीन वाक्यांत आलं आहे. हे भाष्य आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे वरची म्हण बदलून पाहायची. तिच्या जागी ‘केल्याने होत आहे रे, आधी केलेचि पाहिजे’ ठेवलं तर खालच्या मजकुरातलं बचतीचं एक वाक्य काढावं लागेल, बाकी सगळं जसंच्या तसं चालेल. जो मजकूर कुठल्याही सुविचाराखाली चालतो तो कुठल्याच सुविचाराचा नसतो.

मी त्यांना म्हटलं, ‘काकू, यात तुमचं स्वतःचं आणा ना.’ त्यांनी लिहिलं, ‘मी स्वतः हे अनुभवलं आहे. आमच्या गटात आम्ही थोडे थोडे पैसे जमवले आणि आज त्याचं फळ मिळतंय. कठीण दिवसही आले, पण आम्ही हार मानली नाही.’

हा दुसरा मसुदा जास्त फसवा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. यात ‘मी’ आहे, ‘अनुभव’ हा शब्द आहे, कठीण दिवस आहेत. तरी वाचणाऱ्याला दिसत काहीच नाही. कठीण दिवस म्हणजे कोणते? फळ म्हणजे काय, कोणाला, किती? अनुभव घेतल्याचं सांगितलं आहे, अनुभव सांगितलेला नाही. असा मजकूर हजारो लोकांच्या नावावर खपेल. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण ‘स्वतःचं लिहा’ हा सल्ला आपण पाळला असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं.

मी त्यांना साधंच विचारलं, ‘पैसे वेळेवर येतात कसे?’ काकूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, ‘अगं, मी वही वाचते ना मोठ्याने. सगळ्यांसमोर.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दर महिन्याच्या दहा तारखेला बैठक होते. काकू एकेक नाव घेतात, मागची बाकी सांगतात, आजचे दोनशे आले की तसं म्हणून लिहितात. मार्चमध्ये त्या लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या होत्या. त्या महिन्यात बैठक न घेता कोणीतरी घरोघरी जाऊन पैसे गोळा केले. तिघींचे आलेच नाहीत. एप्रिलमध्ये पुन्हा वही वाचली गेली आणि तिघींनी मागचेही दिले. तिघींपैकी कोणालाच पैशांची तेवढी अडचण नव्हती, असं काकूंचं म्हणणं.

हे ऐकल्यावर म्हण बदलते. तळं थेंबाथेंबाने साचतं हे खरंच, पण या गटात थेंब पडत राहतात ते वहीमुळे, आपलं नाव चारचौघींत वाचलं जाणार म्हणून. म्हणीत ही गोष्ट नाही आणि काकूंच्या पहिल्या दोन मसुद्यांतही नव्हती. निरीक्षणाचं खरं काम हेच: ते सुविचाराच्या आत एखादी जागा दाखवतं जी सुविचार स्वतः सांगत नाही. कशामुळे घडलं, कुठे अडलं, कोणाच्या बाबतीत घडलंच नाही, यांपैकी काहीतरी.

तिसरा मसुदा असा झाला:

‘आमच्या गटाची वही दहा तारखेला मोठ्याने वाचतात. नाव, मागची बाकी, आजचे दोनशे. मार्चमध्ये मी लेकीकडे होते, तेव्हा पैसे घरोघरी जाऊन गोळा केले, वही वाचली गेली नाही. तिघींचे आले नाहीत. एप्रिलला वही वाचली, तिघींनी मागचेही दिले. थेंबे थेंबे तळे साचे. पण थेंब मोजायला कोणीतरी बसलेलं असावं लागतं.’

आता वरचीच परीक्षा इथे लावा. म्हणीच्या जागी ‘केल्याने होत आहे रे’ ठेवलं तर वही आणि ते वाक्य एकमेकांना भेटतच नाहीत. उलट, म्हण काढून टाकली तरी मजकूर उभा राहतो, वाचावासा वाटतो.

शेवटच्या वाक्यावरून मात्र आमच्यात मतभेद झाला. ‘थेंब मोजायला कोणीतरी बसलेलं असावं लागतं’ हे ऐकायला छान आहे, पण तो पुन्हा एक सुविचारच झाला. वही आणि तिघींची गोष्ट वाचून ते प्रत्येकीला आपोआप कळतं, आणि आपलं आपल्याला कळलेलं जास्त टिकतं. मी ते काढायला सांगितलं. काकूंचं म्हणणं पडलं, ‘गटातल्या दोघीतिघी वाचायला कच्च्या आहेत, त्यांच्यासाठी राहू दे.’ त्यांच्या वाचकांना त्या माझ्यापेक्षा जास्त ओळखतात, म्हणून वाक्य राहिलं. एरवी मी ‘यातून हेच शिकायला मिळतं’ या धर्तीचं शेवटचं वाक्य नेहमी खोडते. निरीक्षण चांगलं असेल तर ते वाक्य त्याला परत भाष्य करून टाकतं.

निरीक्षणाची नक्कल करणारी आणखी एक गोष्ट असते, तपशिलाची सजावट. ‘त्या दिवशी पाऊस पडत होता, हातात गरम चहा होता, आणि मला हा सुविचार आठवला.’ पाऊस आणि चहा खरे असतीलही, पण त्यांचा सुविचारातल्या दाव्याशी संबंध नाही. पावसाऐवजी ऊन घातलं तरी काही बिघडत नाही. वहीच्या गोष्टीतून ‘मोठ्याने’ हा एक शब्द काढला तर गोष्टच संपते. जो तपशील काढल्यावर अर्थ पडतो, तो ठेवायचा.

प्रत्यक्ष लिहिताना मला उलटा क्रम सोयीचा वाटतो. सुविचार निवडून त्यावर काय लिहू असा विचार केला की हात भाष्याकडेच जातो, कारण डोक्यात तेच शब्द घोळत असतात. त्यापेक्षा आठवड्यात लक्षात राहिलेली एखादी बारीक गोष्ट आधी लिहून ठेवावी आणि तिला जुळणारं वचन नंतर शोधावं. वचन आधीच ठरलं असेल, तर स्वतःला विचारावं: हे मी कुठे खरं होताना पाहिलं आणि कुठे होता होता अडलेलं पाहिलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा जास्त उपयोगी पडतं. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर लांब मजकूर पहिल्या काही शब्दांनंतर दुमडला जातो, तेव्हा वही, विहीर, जे काही पाहिलं असेल ते पहिल्याच वाक्यात यावं. वचन चित्रावर असलं तर खाली पुन्हा लिहायची गरज नसते.

वचन कोणाचं आहे हेही एकदा पाहून घ्यावं. ‘उठा, जागे व्हा’ हे विवेकानंदांच्या नावाने फिरतं. त्यांनी ते घरोघरी पोहोचवलं हे खरं, पण त्याचं मूळ कठोपनिषदात आहे. आपलं निरीक्षण खरं आणि वरचं नाव चुकीचं, असं झालं की वाचणाऱ्याचा विश्वास दोन्हींवरून उडतो.

आणि प्रत्येक वेळी निरीक्षण हवंच असंही नाही. कोणाच्या घरी दुःख झालं असेल तर अभंगाची एक ओळ पुरते, तिथे आपण काय पाहिलं ते मध्ये आणू नये. निरीक्षणात दुसरी माणसं येतात, त्यांची काळजीही घ्यावी लागते. काकूंनी तिघींची नावं घातली नव्हती, पण लहान गटात महिना सांगितला की माणूस कळतो. म्हणून पोस्ट टाकण्याआधी त्यांनी तिघींना फोन करून विचारलं. दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसरीने ‘मार्च लिहू नका’ असं सांगितलं, म्हणून ग्रुपवर गेलेल्या मजकुरात ‘एका महिन्यात मी लेकीकडे होते’ आणि ‘पुढच्या महिन्यात वही वाचली’ असं आहे.