शीर्षकजुळणीने शाखापत्रकांचे एकत्रीकरण

शीर्षकजुळणीने शाखापत्रकांचे एकत्रीकरण म्हणजे निरनिराळ्या शाखांनी ठेवलेली, रकान्यांचा क्रम भिन्न असलेली पत्रके आयात सूत्रांनी एका फाईलमध्ये आणून, प्रत्येक रकाना त्याच्या जागेवरून न ओळखता शीर्षकावरून ओळखून एकच गोषवारा तयार करण्याची पद्धत. खानदेशात रावेर, यावल, चोपडा अशा तालुक्यांतून केळीची खरेदी करून हिशेब जळगावला ठेवणाऱ्या व्यापाऱ्याचे उदाहरण तिच्या विवेचनास सोयीचे आहे. येथे मुख्यतः गूगल शीट्समधील रूप विचारात घेतले आहे.

या पद्धतीचे मूळ कोठे मानावे याविषयी दोन मते संभवतात. एक्सेलमध्ये ओळी व रकान्यांच्या लेबलांवरून आकडे एकत्र करण्याची सोय जुनी असल्याने ते तेथे शोधता येते. परंतु त्या सोयीतून बेरजेसारखी फलिते मिळतात, मूळ नोंदी एकाखाली एक येत नाहीत. म्हणून ते संगणकशास्त्रज्ञ ई. एफ. कॉड यांच्या १९७० मधील संबंधाधिष्ठित विदा-प्रतिमानाच्या लेखात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. रकाने पुष्कळ असताना त्यांचा क्रम लक्षात ठेवण्याचा भार वापरणाऱ्यावर पडू नये, रकाना नावाने ओळखला जावा, हा विचार त्या लेखात स्पष्ट आहे. तरीही पुढे विदासाठे हाताळण्याच्या एसक्यूएल या भाषेत दोन कोष्टके जोडणारे `UNION` रकाने क्रमानेच जुळवते. नावाने जुळवणारा `CORRESPONDING` हा पर्याय १९९२ च्या मानकात आला. गूगल शीट्ससारख्या कोष्टक-प्रणालींत हाच क्रमाधिष्ठित स्वभाव टिकून आहे. `VSTACK` किंवा महिरपी कंसांनी पत्रके एकाखाली एक रचली, तर शीर्षकांकडे पाहिलेच जात नाही.

यातून होणारी चूक सहज दिसत नाही. समजा, रावेरच्या पत्रकात वजन आधी व भाव नंतर आहे आणि यावलच्या पत्रकात भाव आधी आहे. रावेरची नोंद ४० क्विंटल, १,५०० रुपये भाव. यावलची २५ क्विंटल, १,४०० रुपये भाव. क्रमाने रचल्यास वजनाची बेरीज ६५ ऐवजी १,४४० येते. मात्र गुणाकारात क्रम बदलल्याने फरक पडत नसल्यामुळे वजन गुणिले भाव करून काढलेली एकूण रक्कम ९५,००० रुपये बरोबरच येते. त्यामुळे केवळ रक्कम ताडून पाहणाऱ्यास दोष सापडत नाही. वजनाची बेरीज प्रत्येक शाखेच्या मूळ पत्रकाशी स्वतंत्रपणे ताडावी लागते.

उपाय म्हणून गोषवारा फाईलमध्ये प्रत्येक शाखेसाठी एक शीट ठेवून, तिच्या पहिल्या ओळीत ठरलेली शीर्षके (येथे दिनांक, शेतकऱ्याचे नाव, वजन, भाव) लिहितात आणि A2 मध्ये पुढील सूत्र देतात.

```
=ARRAYFORMULA(LET(
  src, IMPORTRANGE("शाखा-फाईलचा पत्ता", "नोंद!A1:H500"),
  hdr, TRIM(INDEX(src, 1, 0)),
  CHOOSECOLS(src, MATCH($A$1:$D$1, hdr, 0))))
```

`MATCH` प्रत्येक ठरलेले शीर्षक शाखेच्या पहिल्या ओळीत कितव्या रकान्यात आहे ते सांगते व `CHOOSECOLS` त्या क्रमाने रकाने उचलते. दुसऱ्या ओळीत शाखेची शीर्षके पुन्हा दिसतात. वरच्या ओळीशी ती नजरेने ताडता येतात. पुढे सर्व शाखांच्या शीट A3 पासून `VSTACK` ने रचून रिकाम्या ओळी `FILTER` ने गाळतात. `MATCH` मधील शेवटचे शून्य सोडू नये, कारण ते नसल्यास शीर्षके चढत्या क्रमाने लावलेली आहेत असे गृहीत धरले जाते व भलताच रकाना मिळू शकतो. पहिल्यांदा आयात करताना `#REF!` दिसते. त्या कक्षावर जाऊन परवानगी दिल्यावर नोंदी येतात.

एखाद्या शाखेने "भाव" ऐवजी "दर" लिहिले, तर सूत्र `#N/A` देते. ही त्रुटी `IFERROR` ने झाकू नये, कारण ती झाकल्यास त्या शाखेच्या सर्व नोंदी गोषवाऱ्यातून निमूट गळतात. एकच शीर्षक दोनदा आल्यास मात्र त्रुटी येत नाही. पहिला रकाना घेतला जातो.

मराठी शीर्षकांत आणखी एक अडचण विशेषत्वाने संभवते. "शेतकऱ्याचे" मधील अर्धा र काही कळफलकांवर ऱ या अक्षराला हलंत जोडून, तर काहींवर साधा र, हलंत व एक अदृश्य जोडचिन्ह यांनी लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण संकेत निराळे असल्याने जुळणी होईलच असे नाही, आणि `TRIM` ते जोडचिन्ह काढत नाही. दोन्ही शीर्षकांवर `LEN` चालवल्यास दुसऱ्या रूपाची लांबी एकाने जास्त येते. अशा वेळी गोषवाऱ्यातील शीर्षक शाखेच्या पत्रकात चिकटवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

एक्सेलमधील पॉवर क्वेरी पत्रके जोडताना रकाने मुळातच नावाने जुळवते. तेथे नाव जुळले नाही तर त्रुटी न येता नवा रकाना तयार होतो व इतर शाखांपुढे तो रिकामा राहतो.