दुकानात निळी, घरात काळी

नवी पेठेतल्या दुकानातून गडद निळी चादर आणायची आणि रात्री घरी उलगडली की ती काळीच दिसायची, हा अनुभव सोलापुरात अनेकांना येतो. बिचाऱ्या दुकानदारावर संशय जातो. चादर बहुधा तीच असते. बदललेला असतो तो डोक्यावरचा दिवा.

एलईडी बल्बच्या खोक्यावर 2700K, 4000K किंवा 6500K असा आकडा असतो. K म्हणजे केल्विन, तापमान मोजण्याचं एकक. एखादी काळी वस्तू तापवत नेली तर ती आधी लालसर, मग पिवळट, पुढे पांढरी आणि शेवटी निळसर उजळते. कोणत्या तापमानाला ती बल्बसारखा प्रकाश देईल, ते हा आकडा सांगतो. एलईडी बल्ब स्वतः तेवढा तापलेला नसतो. म्हणून आकडा लहान तितका उजेड पिवळा आणि आकडा मोठा तितका निळसर. पिवळ्या उजेडाला आपण ‘उबदार’ म्हणतो, पण तो कमी तापमानाचा आहे! जुना तारेचा बल्ब साधारण 2700 केल्विनचा असायचा, तर कपड्यांच्या दुकानांत हल्ली 6500 केल्विनचे पांढरेशुभ्र दिवे सर्रास दिसतात.

आता चादरीकडे वळू. कापड स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. पडलेल्या प्रकाशातला काही भाग ते गिळतं आणि उरलेला परत पाठवतं. 6500 केल्विनच्या आदर्श उजेडात लाल प्रकाश 100 भाग धरला तर निळा सुमारे 135 भाग असतो. 2700 केल्विनला त्याच 100 भाग लालाबरोबर निळा जेमतेम 16 भाग असतो.

समजा, निळी चादर निळ्यापैकी 12 टक्के आणि लालपैकी 3 टक्के प्रकाश परत पाठवते, तर काळी चादर दोन्हींपैकी 3 टक्के. दुकानात निळ्या चादरीकडून 16 भाग निळा प्रकाश डोळ्यात येतो, काळीकडून 4. फरक 12 भागांचा, म्हणजे ठळक. घरी पिवळ्या दिव्याखाली निळीकडून येतात 2 भाग आणि काळीकडून अर्धा. उरला दीड भागाचा फरक. त्यात खोली मिणमिणती असेल तर एवढासा फरक डोळ्याला पकडता येत नाही.

इथे कुणी म्हणेल की मग पिवळ्या दिव्यात पांढरी भिंतही पिवळी दिसायला हवी. काही मिनिटांत ती पांढरीच वाटू लागते, कारण डोळा आणि मेंदू मिळून उजेडाचा एकूण कल वजा करतात. ही सोय मोठी आहे, पण तिला मर्यादा आहे. कल वजा करता येतो. जो निळा प्रकाश कापडावर पडलाच नाही, तो मेंदू कुठून आणणार?

याच कारणाने फिकट पिवळा आणि पांढरा टॉवेल पिवळ्या दिव्यात ओळखू येत नाहीत. पिवळा रंग निळा प्रकाश गिळतो आणि तिथे गिळायला निळा फारसा नसतोच. पांढऱ्या टॉवेलवरचा हळदीचा पुसट डागही म्हणून रात्री लपतो.

याहून चकवणारी गोष्ट म्हणजे जोडी. चादर एका रंगद्रव्यांच्या मिश्रणाने रंगवलेली आणि उशीचा अभ्रा दुसऱ्या. एका दिव्याखाली दोन्ही हुबेहूब जुळतात, दुसऱ्याखाली एक हिरवट होतो. म्हणून रंगकामात शेड जुळवताना नमुने एका पेटीत ठेवून दिवे बदलून पाहतात: डी-65 हा दिवसाच्या उजेडासारखा, सुमारे 6500 केल्विनचा, टीएल-84 ही दुकानी ट्यूब, सुमारे 4000 ची, आणि ‘ए’ हा तारेच्या बल्बसारखा, 2856 चा. तिन्हींत जुळलं तर शेड पास. ग्राहकाकडे पेटी नसते, पण दुकानाचं दार असतं. चादर आणि अभ्रा दोन्ही घेऊन दारात यावं, मात्र संध्याकाळच्या तांबूस उन्हात नाही. नंतर दुकानात एखादा पिवळा दिवा असेल तर त्याखालीही पाहावं.

केल्विनचा आकडा सगळं सांगत नाही, हेही खरं. एकाच 2700 च्या दोन एलईडींखाली लाल चादर वेगवेगळी दिसू शकते, कारण दोघांचा एकंदर पिवळेपणा सारखा असला तरी गर्द लाल प्रकाश एकात कमी असू शकतो. त्यासाठी खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग कितपत खरे दिसतात ते सांगणारा आकडा शोधावा. 80 चालतो, 90 च्या वरचा चांगला. पण तो आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात. गर्द लाल त्यात धरतच नाहीत. त्याचा आकडा आर-9 या नावाने वेगळा असतो आणि बऱ्याच खोक्यांवर तो छापलेलाच नसतो.