‘अटी’ वेगळ्या, ‘गोपनीयता सूचना’ वेगळी

नवीन ॲप उघडलं की खाली एक चौकोन येतो: ‘मला अटी व शर्ती आणि गोपनीयता धोरण मान्य आहे.’ एका टिकमध्ये दोन कागद. या मजकुराचं साधं मराठी करायला बसलं, की मी आधी ते दोन कागद सुटे करते. ते एकत्र ठेवले, तर भाषा कितीही सोपी केली तरी वाचणाऱ्याच्या डोक्यात गोंधळ राहतोच.

अटी म्हणजे करार. घर भाड्याने घेताना करतो तसाच: पैसे किती, कधी, मोडायचं कसं, भांडण झालं तर कुठल्या कोर्टात. त्यात दोन्ही बाजू बांधल्या जातात. चौकोनात जिला ‘धोरण’ म्हटलंय, ती गोपनीयता सूचना हा करार नाही. तिथे कंपनी तुम्हाला सांगते, की तुमची कोणती माहिती घेतो, कशासाठी घेतो आणि कोणाला देतो. सूचना ‘मान्य’ करायची नसते. ती वाचून माहिती वापरायला संमती द्यायची की नाही, हे आपण ठरवायचं असतं.

रोज सकाळी दूध घरपोच देणारं एखादं ॲप घेऊ. त्याच्या अटींमध्ये असं वाक्य सापडतं: ‘निर्धारित कालमर्यादेत रद्दीकरणाची विनंती सादर न केल्यास देय रक्कम परताव्यास पात्र राहणार नाही.’ याचं साधं मराठी असं: ‘उद्याचं दूध नको असेल तर आज रात्री १० च्या आत ॲपमध्ये कळवा. नंतर कळवलंत तर दूध येईल आणि पैसे कापले जातील.’ मूळ वाक्यात १० कुठेच नव्हते. ते कंपनीला विचारून घ्यावे लागतात. अवघड शब्द काढून सोपे घातले आणि वेळ विचारलीच नाही, तर काम झालेलं नसतं.

सूचनेचं काम जास्त नाजूक. नमुना बघा: ‘सेवा सुधारण्यासाठी आम्ही आपली माहिती, ज्यात इतर बाबींसह संपर्क व स्थान यांचा समावेश असू शकतो, सहयोगी संस्थांना देऊ शकतो.’ घोळ तीन ठिकाणी आहे: ‘इतर बाबींसह’, ‘असू शकतो’ आणि ‘सहयोगी’. ‘संपर्क’ म्हणजे तुमचा नंबर की तुमच्या फोनमधले सगळ्यांचे नंबर, हेही कळत नाही. याचं ‘तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे’ असं गोड मराठी केलेलं मी पाहिलंय. ते वाचायला सोपं आहे, पण मूळ वाक्यात नसलेलं आश्वासन देतं. मी ते असं लिहीन: ‘तुमचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर दूध आणून देणाऱ्याला दिसतो. पत्ता नोंदवताना लोकेशन एकदाच घेतो. फोनमधली नंबरांची यादी घेत नाही.’ अर्थात कंपनी खरंच तसं करत असेल तरच. करत नसेल, तर जे करते ते तितक्याच स्पष्ट शब्दांत लिहायचं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नेही हे दोन कागद वेगळे धरले आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. सूचना आणि संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. नियम सांगतात, की सूचना दुसऱ्या कोणत्याही मजकुराच्या आधाराशिवाय, स्वतंत्रपणे समजली पाहिजे. कोणती माहिती आणि कशासाठी, हे तिच्यात बाबवार हवं. कायद्यानुसार इंग्रजीबरोबर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्यायही द्यायचा आहे, म्हणजे मराठीचाही.

कायद्यातच दोन उदाहरणं आहेत आणि ती कोणालाही पटकन समजतात. एकीने फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप घेतलं. त्याने सल्ल्यासाठी माहिती मागितली आणि फोनमधल्या नंबरांची यादीही मागितली. तिने दोन्हीला हो म्हटलं. तरीही तिची संमती सल्ल्यापुरतीच धरली जाते, कारण सल्ला द्यायला नंबरांची यादी लागत नाही. दुसऱ्या उदाहरणात विमा कंपनीच्या ॲपवर एकीने पॉलिसीसाठी संमती दिली आणि त्याच सोबत ‘डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करण्याचा हक्क सोडते’ असंही मान्य केलं. हक्क सोडण्याचा तेवढा भाग रद्दच. कायद्याविरुद्धची अट संमतीत घुसवली, की असं होतं.

मजकूर लिहून झाला की तो मी ॲप न वापरलेल्या माणसाला वाचायला देते आणि प्रश्न विचारते. ‘पैसे परत कधी मिळणार नाहीत?’ याचं उत्तर बहुतेक जण अटींमधून शोधतात. अडतात ते ‘ॲप काढून टाकलं की माझी माहिती जाते का?’ इथे. बरेच जण ‘हो’ म्हणतात. फोनमधून ॲप गेलं तरी खातं आणि माहिती कंपनीच्या सर्व्हरवर राहू शकते. शिवाय दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. म्हणून सूचनेत, अगदी वरच, ही ओळ लागते: ‘ॲप काढून टाकल्याने तुमची माहिती पुसली जात नाही. त्यासाठी प्रोफाइलमध्ये जाऊन “खातं बंद करा” दाबा.’