भरिताच्या पोस्टमध्ये धूर कधी लिहावा?

हिवाळा लागला की जळगावातल्या भरीत केंद्रांचे मोबाइल पोस्ट टाकून टाकून गरम होतात. बहुतेक पोस्ट अशा असतात: ‘आजचा स्पेशल! जगात भारी, अप्रतिम, लाजवाब खान्देशी भरीत! एकदा खाल तर खातच राहाल!’ यातला ‘भरीत’ काढून ‘शेवभाजी’ घाला, पोस्ट तशीच चालते. म्हणजे भरिताबद्दल तिने काहीच सांगितलेलं नाही.

स्पेनमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये निजवून शब्द वाचायला दिले. लसूण, दालचिनी असे तीव्र वासाशी जोडलेले शब्द वाचताना, समोर कसलाही वास नसताना, मेंदूतले वास ओळखणारे भागही जागे झाले. ‘अप्रतिम’ला असा स्वतःचा वास नाही. मग वरची पोस्ट अशी लिहून पाहू:

‘आज भरीत. बामणोदची वांगी, पऱ्हाटीच्या जाळावर भाजून ठेचलेली. हिरवी मिरची-लसणाची फोडणी, दाताखाली येणारे शेंगदाणे, वरून कांद्याची पात. चांगलं तिखट. सोबत कळण्याची भाकरी.’

इथे वास, चव आणि दाताला लागणारा पोत, तिन्ही आले. विशेषणं मात्र मोजकीच. ‘खमंग, चमचमीत, झणझणीत, लुसलुशीत’ अशी रांग लावली की एकही जिभेवर उतरत नाही. ‘चांगलं तिखट’ या दोन शब्दांनी लहान मुलांना घेऊन येणाऱ्याचं कामही होतं.

खरी कसोटी ‘पऱ्हाटीच्या जाळावर’ या शब्दांची आहे. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या. त्यांना कडकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायकॉलसारखी संयुगं तयार होतात आणि धुराचा तो ओळखीचा वास त्यांचाच. वांगी गॅसवर भाजली तर साल करपल्याचा वास येतो, काड्यांच्या धुराचा येत नाही. खान्देशातल्या गिऱ्हाइकाला हा फरक पहिल्या घासालाच कळतो. म्हणून वांगी खरंच काड्यांवर भाजली असतील तेव्हाच हे शब्द लिहायचे. बामणोदचंही तसंच: बाजारातून दुसरी वांगी आली असतील तर त्या दिवशी गावाचं नाव गाळायचं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या खानावळीत त्याच भाज्या, त्याच पद्धतीने शिजवून, फक्त चवदार नावांनी मांडल्या. साध्या नावांच्या तुलनेत 25 टक्के जास्त लोकांनी त्या घेतल्या. हा प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पण पुढे 2019 मध्ये पाच विद्यापीठांत तपासलं, तेव्हा जिथे जेवण मुळात चवदार होतं तिथे अशा नावांचा उपयोग जास्त झाला. बेचव भाजीला शब्द वाचवत नाहीत. उलट, मनात बांधलेली चव आणि ताटातली चव यांत फार अंतर पडलं, तर तोच पदार्थ आहे त्याहून वाईट लागू शकतो.

म्हणून पोस्ट भट्टीजवळ उभं राहून, आजच्या घाण्याची चव घेतल्यावरच लिहावी. शेंगदाणे संपले असतील तर ते शब्द काढायचे. आणि उन्हाळ्यात गॅसवर भाजणार असाल, तर ‘गॅसवर भाजलेलं, लसूण जास्त’ एवढं लिहिलं तरी लसूण आवडणारा येतोच.