अंगठा जुळला नाही, म्हणजे नेमकं काय झालं?

एप्रिलमध्ये माझ्या एका माजी विद्यार्थिनीला भरती परीक्षेच्या केंद्रावर सोडायला गेलो होतो. तळकोकणातलं गाव, घरची काजूची बाग. परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत ती आईबरोबर ओले काजूगर काढत बसलेली. मी फाटकाबाहेर थांबलो होतो आणि जाळीतून आतलं टेबल दिसत होतं. तिने यंत्राच्या काचेवर उजवा अंगठा ठेवला. टेबलावरचा मुलगा म्हणाला, "ताई, परत ठेवा." मग पुन्हा, आणि पुन्हा. चौथ्या वेळेस रांगेतला एक पालक मोठ्याने म्हणाला, "जुळत नाही म्हणजे डमी असणार." पोरीचा चेहरा उतरला.

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. तिचा ठसा "जुळला नाही" हे मुळातच खरं नव्हतं. ती त्या भरतीची पहिली फेरी होती. त्या टेबलावर ठसा फक्त घेतला जात होता आणि ताडून पाहायला आधीचा ठसा यंत्राकडे नव्हताच. पडद्यावर आलेला संदेश ठशाची प्रत चांगली नसल्याचा होता. "ठसा नीट उमटला नाही" आणि "नीट उमटलेला ठसा आधीच्या ठशाशी जुळला नाही" या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली काचेवर घडते, दुसरी संगणकात. फाटकावर मात्र दोन्हींना एकच नाव मिळतं.

आधी काचेवर काय घडतं ते पाहू. बोटाच्या टोकावरची कातडी म्हणजे सरी-वरंब्याचं शेत. एका वरंब्यापासून शेजारच्या वरंब्यापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मिलिमीटर. वरंब्यांवर घामाची बारीक छिद्रं असतात. त्यामुळे निरोगी बोटाचे वरंबे नेहमी किंचित ओलसर असतात आणि सऱ्या कोरड्या.

परीक्षा केंद्रांवर दिसणाऱ्या बऱ्याचशा यंत्रांत काचेखाली एक लोलक असतो. खालून दिवा काचेच्या पृष्ठभागावर तिरका उजेड टाकतो आणि दुसऱ्या बाजूचा कॅमेरा परावर्तित उजेड टिपतो. इथे दहावीच्या पुस्तकातला क्रांतिक कोन कामाला येतो. काचेचा अपवर्तनांक १.५ धरला, तर काच आणि हवा यांच्या सीमेवरचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश येतो. काच आणि पाणी यांच्या सीमेवर तोच कोन जवळपास ६२ अंश होतो, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. आता उजेड ४५ अंशांनी टाकला तर? जिथे काचेवर हवा आहे, तिथे ४५ हे ४२ पेक्षा जास्त, म्हणून उजेड पूर्णपणे परततो आणि कॅमेऱ्याला ती जागा पांढरीशुभ्र दिसते. जिथे ओलसर कातडी काचेला चिकटली आहे, तिथे ४५ हे ६२ पेक्षा कमी. तिथला उजेड काच सोडून कातडीत शिरतो आणि ती जागा काळी दिसते. वरंबे काळे, सऱ्या पांढऱ्या. शाई नाही, कागद नाही, दोन कोनांच्या मधली जागा हेरून काढलेलं हे चित्र आहे. मला पदार्थविज्ञानातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

घरी पाहायची असेल तर काचेचा गुळगुळीत पेला पाण्याने भरा, हातात धरा आणि वरून पाण्यातून पेल्याच्या आतल्या भिंतीकडे तिरकं बघा. भिंत चांदीसारखी चमकताना दिसेल. आता बोट थोडं ओलं करून बाहेरून घट्ट दाबा. त्या चांदीवर तुमच्या बोटाच्या रेषा एकेक मोजता येतील इतक्या स्पष्ट उमटतात. मग बोट खडखडीत पुसून, हलकंच टेकवून बघा. रेषा तुटक होतात किंवा गायबच होतात.

फाटकावरच्या बहुतेक अडचणी या पेल्यात दिसतात. बोट कोरडं असेल तर वरंबा आणि काच यांच्यात हवेचा पातळसा थर राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण एक-दोन मायक्रॉनचा असला तरी उजेडाला परत पाठवायला पुरतो. काळा हवा तो वरंबा मधेमधे पांढरा पडतो. उलट, बोट ओलं असेल तर सऱ्यांत पाणी भरतं, तिथूनही उजेड निसटतो आणि सगळं बोट एक काळा डाग होऊन बसतं. म्हणून घाबरलेल्या मुलाचा घामेजलेला अंगठा आणि गवंड्याचा चुन्या-सिमेंटने खाल्लेला अंगठा ही एकाच अडचणीची दोन टोकं आहेत. ऑपरेटर कधी "बोटावर फुंकर मारा" म्हणतात, कधी "रुमालाला पुसा" म्हणतात. दोन्ही सल्ले बरोबर आहेत, फक्त कोणत्या बोटाला कोणता द्यायचा ते पडद्यावरचं चित्र पाहून ठरवायला हवं. तुटक आणि फिकट दिसलं तर तोंडाची वाफ द्यायची, काळा डाग दिसला तर पुसायचं.

आता काजूकडे येऊ. ओल्या काजूच्या टरफलातला चीक म्हणजे मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल. राख लावून बसलं तरी हाताची सालपटं निघतात. सुटत आलेल्या सालपटाखाली हवा शिरते, मग वरंबा काचेला टेकणार कसा? बोट धुतलं तर सालपटाखाली पाणी साठतं आणि डाग पडतो. म्हणजे कोरडेपणाचे आणि ओलेपणाचे दोन्ही दोष एकाच अंगठ्यावर. पण ठसा नष्ट झालेला नसतो. सरी-वरंब्याचा मूळ साचा कातडीच्या वरच्या आणि खालच्या थरांच्या सीमेवर असतो. तो बाळ आईच्या पोटात असतानाच, साधारण तिसऱ्या महिन्यापासून घडू लागतो. वरचा थर झिजला तरी सुमारे महिनाभरात त्याच साच्यावरून नवी कातडी वर येते, तेच वरंबे घेऊन. खोल भाजलं किंवा कापलं तरच साचा मोडतो.

बरं, ठसा नीट उमटला. जुळवणी कशी होते? इथे एक गैरसमज आड येतो. आपल्याकडे बोटावरचे शंख-चक्र मोजून नशीब सांगायची हौस जुनी आहे. आता त्यालाच शास्त्रीय नाव देऊन, मुलांच्या बोटांचे ठसे घेऊन "हा डॉक्टर होईल की इंजिनिअर" असे अहवाल पालकांना विकले जातात. याला काडीचाही वैज्ञानिक आधार नाही, त्यावर पैसे घालवू नका. ओळख पटवायलाही शंख-चक्र पुरत नाहीत, कारण चक्र कोट्यवधी लोकांच्या बोटांवर असतं. यंत्र बघतं ते वरंबा कुठे संपतो आणि कुठे त्याला फाटा फुटतो. अशी प्रत्येक जागा म्हणजे एक खूण. चांगल्या ठशात अशा चाळीस-पन्नास खुणा सहज सापडतात.

दर वेळी बोट थोडं तिरकं, थोडं पुढेमागे ठेवलं जातं. म्हणून खुणांची नुसती जागा ताडून चालत नाही. संगणक खुणांच्या जोड्या घेतो आणि दोन खुणांमधलं अंतर व त्यांच्या दिशा तपासतो. सप्तर्षी संध्याकाळी उभे दिसोत की पहाटे आडवे, ताऱ्यांची आपसातली मांडणी तीच राहते आणि आपण ते ओळखतो, तसंच हे. जितक्या जोड्या दोन्ही ठशांत सापडतील तितके गुण. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची 'बोझोर्थ३' नावाची जुनी आणि सर्वांना खुली जुळवणी प्रणाली आहे. तिच्यात चाळिसाच्या वर गुण गेले की सहसा ठसे एकाच बोटाचे मानतात. शब्द "सहसा" आहे, "नक्की" नाही.

आता कोरडं बोट आठवा. मधेच तुटलेला वरंबा संगणकाला "इथे वरंबा संपला" असा दिसतो, म्हणजे नसलेली खूण तयार होते. ओल्या बोटात दोन वरंबे मिसळतात आणि नसलेला फाटा फुटतो. काही खऱ्या खुणा हरवतात, काही खोट्या वाढतात, गुण घसरतात. माणूस तोच, बोट तेच, तरी उत्तर "जुळत नाही".

किती गुणांवर आत सोडायचं, ही रेघ माणसं आखतात. वर आखली तर प्रामाणिक मुलं अडकतात, खाली आखली तर तोतये निसटतात. एक काल्पनिक हिशेब करू. केंद्रावर सहाशे उमेदवार आहेत, त्यातला एक डमी आहे आणि यंत्र शंभरातल्या दोन खऱ्या उमेदवारांना चुकून नाकारतं. मग बाजूच्या टेबलावर तेरा जण जमतील, बारा प्रामाणिक आणि एक डमी, तोही यंत्राने पकडला तर. त्या पालकाने केलेला तर्क तेरापैकी बारा वेळा चुकला असता.

याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा अजिबात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये वडोदऱ्यात रेल्वे भरतीच्या परीक्षेत एका उमेदवाराने स्वतःच्या अंगठ्याची कातडी भाजून काढली आणि आपल्या जागी बसणाऱ्या मित्राच्या अंगठ्यावर चिकटवली. यंत्राने तो अंगठा वारंवार नाकारला. सुटलेल्या कातडीला घाम नाही, ती आक्रसते, काचेला सपाट टेकत नाही, त्यामुळे यात नवल नाही. पण नाकारणारं यंत्र त्याला डमी ठरवू शकलं नव्हतं. तो हात खिशात लपवतोय हे पर्यवेक्षकाच्या लक्षात आलं, त्याने अंगठ्यावर सॅनिटायझर फवारलं आणि चिकटवलेली कातडी गळून पडली. यंत्राचा नकार म्हणजे "इथे माणसाने नीट बघा" एवढाच निरोप असतो, आणि तिथे माणसाने खरंच बघितलं.

बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनापत्रात हे बारकाईने लिहिलेलं असतं, पण मुलं ते वाचत नाहीत. मेंदी, शाई पूर्ण धुवून या, बोटं कोरडी ठेवा, अंगठ्याला इजा असेल तर केंद्रावर लगेच सांगा, मग दुसऱ्या बोटाचा, अगदी पायाच्या बोटाचाही ठसा घेता येतो. डोळ्याच्या बुबुळाचं स्कॅनही आता वापरात आहे आणि त्यात काचेला स्पर्शच नसल्यामुळे वरची निम्मी अडचण उरत नाही. मात्र त्याच सूचनांत असंही आहे की ठसा जुळला की नाही याबाबत पडताळणी करणाऱ्यांचा निर्णय अंतिम राहील. म्हणून इजेबद्दल आधी सांगणं महत्त्वाचं. तीनदा नकार आल्यावर सांगितलं, तर तेच खरं कारण सबबीसारखं ऐकू येतं.

आमच्या पोरीचं पुढे असं झालं. टेबलावरच्या मुलाने तिची बोटं उलटी करून पाहिली आणि विचारलं, "काजू सोलता काय?" काजू फोडताना सगळा भार अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटावर येतो, अनामिका चिकापासून बरीचशी वाचते. त्याने उजव्या हाताची अनामिका ठेवायला सांगितली आणि पहिल्याच प्रयत्नात ठसा उमटला. तिला वीस मिनिटं उशीर झाला, पण वेळेत आत गेली. संध्याकाळी मी तिला एकच काम सांगितलं. कोणतं बोट घेतलंय ते वहीत लिहून ठेव, कारण पुढच्या फेरीला काचेवर तेच ठेवावं लागेल आणि तेव्हा खरोखरच जुळवणी होईल. तिने ते आधीच लिहून ठेवलं होतं, तारखेसकट.