पाणी नेमकं कुठे मुरतं?

सिंचनावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात तीन आकडे हमखास भेटतात: पाटपाणी ६० टक्के, तुषार ७५ टक्के, ठिबक ९० टक्के. शेतात सोडलेल्या पाण्यापैकी किती पाणी मुळांच्या थरात थांबलं, त्याची ही टक्केवारी. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पुस्तिकांमध्येही नियोजनासाठी हेच आकडे धरलेले असतात आणि तेवढ्यापुरते ते ठीकच आहेत. गैरसमज होतो तो वाचताना. ही टक्केवारी पंपावरच्या अश्वशक्तीसारखी त्या पद्धतीला कायमची चिकटलेली आहे, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात ती ठरते ती पाणी जमिनीत किती वेगाने मुरतं यावर.

एक सरी डोळ्यांसमोर आणा. लांबी १०० मीटर, उतार बेताचा, जमीन वाळूमिश्रित. अशा जमिनीत तासाला ४० मिलिमीटर पाणी मुरतं असं समजू. (मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब तोंडी होतो.) ही जमीन पाणी फार धरत नाही, मुळांच्या थरात समजा ३० मिलिमीटरचीच जागा रिकामी आहे. तेवढं मुरायला पाऊण तास पुरतो. पण पाणी पुढे सरकता सरकताच मुरत असल्यामुळे सरीच्या टोकाला पोचायला त्याला दोन तास लागतात. टोकाला पाऊण तास पाणी मिळायला हवं तर दांडाजवळच्या पहिल्या मीटरवर ते पावणेतीन तास उभं राहणार. तिथे मुरलं ११० मिलिमीटर, टोकाला ३०. सरासरी ७० धरली तर उपयोगी पडलं त्यातलं फक्त ३०, म्हणजे ४३ टक्के.

आता तीच सरी भारी काळ्या जमिनीत काढा. मुरण्याचा वेग तासाला ५ मिलिमीटर, जागा ६० मिलिमीटरची, म्हणजे बारा तासांचं काम. पाणी मात्र तासाभरात टोकाला पोचतं. दांडाजवळ ६५, टोकाला ६०. पाणी पोचल्यावर धार बारीक केली आणि टोकाशी ते वाहून जाऊ दिलं नाही, तर कार्यक्षमता नव्वदच्या वर जाते, तीही एक इंच नळी न अंथरता!

हिशेब सोपा व्हावा म्हणून मुरण्याचा वेग सारखाच धरला आहे. प्रत्यक्षात तो सुरुवातीला जास्त असतो आणि हळूहळू मंदावतो. काळ्या जमिनीला भेगा पडल्या असतील तर पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली उतरतं, मग माती फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून भेगाळलेल्या रानाचं पहिलं पाणी वरच्या हिशेबात बसत नाही.

यातून जुन्या जाणत्यांचा एक ठोकताळा निघतो: जेवढं पाणी द्यायचं ते मुरायला जो वेळ लागतो, त्याच्या एक चतुर्थांश वेळात पाणी टोकाला पोचलं पाहिजे. वाळूमिश्रित जमिनीत पाऊण तासाचा चौथा हिस्सा म्हणजे जेमतेम अकरा मिनिटं. तेवढ्यात पाणी पोचवायचं तर सरी वीस-पंचवीस मीटरवर तोडावी लागते. आपलं रान कुठे बसतं हे पाहायला उपकरण लागत नाही. पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी एक टोकदार सळई घेऊन दांडाजवळ, मध्ये आणि टोकाला दाबून पाहा. ओल्या मातीत ती सहज जाते, कोरड्याला टेकली की अडते. एका टोकाला हातभर आणि दुसऱ्या टोकाला वीतभर गेली, तर उत्तर मिळालं.

तुषार सिंचनाची करामत अशी की पाणी कुठे किती पडायचं हे जमिनीच्या हातून काढून ते नोझलकडे देतं. एक तोटी सेकंदाला अर्धा लिटर पाणी फेकते आणि तोट्या बारा बाय बारा मीटरवर आहेत असं धरा. तासाला १८०० लिटर, १४४ चौरस मीटरवर, म्हणजे ताशी साडेबारा मिलिमीटरचा पाऊस. वाळूमिश्रित जमीन तो सहज गिळते, म्हणून भुईमूग, गहू, चारा अशा दाट पिकांना हलक्या किंवा उंचसखल रानात तुषार शोभून दिसतं. पण ताशी ५ मिलिमीटर मुरवणाऱ्या जमिनीवर हाच पाऊस साचतो आणि उताराने वाहू लागतो. तिथे बारीक नोझल लावावं नाहीतर पाट बरा.

तुषारचा खरा शत्रू वारा. नोंद करायची तर रानात सारख्या अंतरावर सोळा सारखे डबे ठेवा आणि तासाभराने मोजा. सरासरी १२ मिलिमीटर आणि सर्वांत कमी भरलेल्या चार डब्यांची सरासरी ९ आली, तर समानता ७५ टक्के. म्हणजे त्या कोरड्या कोपऱ्याला ३० मिलिमीटर द्यायचे असतील तर सगळ्या रानावर सरासरी ४० पाडावे लागतील. पाणी खारट असेल किंवा पिकाला पानांवरच्या बुरशीचा त्रास असेल, तर तुषारच्या वाटेला न जाणं चांगलं.

ठिबकमध्ये जमिनीचा प्रश्न सुटत नाही, फक्त रूप बदलतो. ताशी ४ लिटरचा ड्रीपर दोन तास चालवला की आठ लिटर एका बिंदूवर पडतात. भारी जमिनीत ओल आडवी पसरते, कांद्यासारखी बसकी. वाळूत ती गाजरासारखी सरळ खाली उतरते आणि मुळांच्या हाती लागायच्या आत निघून जाते. म्हणून हलक्या जमिनीत ड्रीपर ३० सेंटिमीटरवर आणि पाणी थोडं थोडं, दिवसातून दोन-तीनदा. भारीत ६० सेंटिमीटर चालतं. ड्रीपरशेजारी फूटभर खड्डा खणून ओलीचा आकार एकदा पाहिला, की कोणत्याही तक्त्याची गरज उरत नाही.

पिकाचा विचार येतो तो नळीच्या लांबीतून. दीड मीटरवरच्या ओळींना हेक्टरी ६,६६७ मीटर नळी लागते, साठ सेंटिमीटरवर नेली की १६,६६७. फळबाग, ऊस, कापूस, भाजीपाला यांना ठिबक का जमतं आणि पेरून दाट उगवणाऱ्या धान्याला का अवघड जातं, ते इथे कळतं. चिखलणी केलेल्या भाताला तर साचलेलं पाणीच हवं असतं आणि त्याची भारी, चिखललेली जमीन ते धरूनही ठेवते.

पाटातून खाली झिरपलेलं पाणी मात्र दरवेळी वाया जातंच असं नाही. खाली चांगला भूजलसाठा असेल तर ते कुणाच्या तरी विहिरीत पुन्हा वर येतं. उलट ठिबकवर वाचलेल्या पाण्यात आणखी क्षेत्र भिजवलं, तर खोऱ्यातलं एकूण पाणी पूर्वीपेक्षा जास्त खर्च होतं. अन्न व कृषी संघटनेच्या २०१७ च्या अहवालाने हेच दाखवलं आहे.

आणि ठिबकचे ते ९० टक्के नव्या संचाचे असतात. ड्रीपर क्षारांनी, शेवाळाने बुजत जातात आणि बाहेरून काही दिसत नाही. एक बाटली घ्या, सहा मिनिटं एका ड्रीपरखाली धरा. ताशी ४ लिटरवाल्यातून ४०० मिलिलिटर यायला हवं. नळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मिळून वीसेक ड्रीपर असे मोजा. शेवटच्या टोकाला सगळीकडेच कमी भरत असेल तर दोष बहुधा दाबाचा किंवा नळीच्या लांबीचा, आणि इथे तीनशे, तिथे चारशे, मध्येच शंभर असं येत असेल तर बुजण्याचा. मग नळ्यांची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायच्या, आणि तरीही भरलं नाही तर आम्लप्रक्रिया.