द्विभाषिक वाचन आणि डिस्लेक्सिया (देवनागरी व रोमन लिपी)

दोन भाषा बोलणाऱ्या, त्यातही दोन वेगळ्या लिप्या वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूत वाचन कसं चालतं, आणि वाचनाची जन्मजात अडचण म्हणजे डिस्लेक्सिया असेल तर ती दोन्ही लिप्यांत सारखी दिसते का, हा या नोंदीचा विषय.

डिस्लेक्सिया हा शब्द जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांचा, यावर फारसा वाद नाही, वाद आहे तो सालावरून. काही जण 1883 धरतात, काही 1887, आणि 1887 मध्ये त्यांची या विषयावरची स्वतंत्र पुस्तिकाच आलेली असल्यामुळे तेच साल धरणं जास्त सोयीचं. त्याआधी 1877 मध्ये जर्मन डॉक्टर कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ या अर्थाचा शब्द वापरलेला होता. पण गंमत अशी की या दोघांचे पेशंट मोठी माणसं होती, आधी नीट वाचता येत होतं आणि मेंदूला इजा झाल्यावर ते गेलं, म्हणजे आज आपण ज्याला डिस्लेक्सिया म्हणतो ते हे नव्हेच. शाळकरी मुलाचं पहिलं ठळक वर्णन सहसा 1896 चं मानतात, इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी लिहिलेलं. पर्सी नावाचा 14 वर्षांचा हुशार मुलगा, आकडे बिनचूक वाचायचा, गुणाकार पटापट करायचा, पण स्वतःचं नाव लिहिताना ‘प्रेसी’ लिहून मोकळा, आणि चूक दाखवली तरी त्याला ती एका फटक्यात दिसायची नाही. मॉर्गन यांना दोष दृष्टीच्या स्मरणात वाटला. आता बहुतेक अभ्यासक मूळ अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते चिन्हांशी जोडण्यात आहे असं धरतात, आणि पुरावाही त्याच बाजूला जास्त झुकतो.

मेंदूत वाचनासाठी जन्मतः वेगळी जागा नसते, लिपीच मुळात काही हजार वर्षांची. वाचायला शिकलं की डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या भागातला एक तुकडा लिखित शब्द ओळखायला लागतो, त्याला कोएन आणि डेहेन या फ्रेंच संशोधकांनी 2000 च्या सुमारास ‘शब्दरूप क्षेत्र’ असं नाव दिलं. लिपी कुठलीही असो, हा तुकडा साधारण तिथंच सापडतो. तिथून पुढे दोन वाटा. एक आवाज जुळवत जाण्याची, दुसरी ओळखीचा शब्द एका नजरेत उचलण्याची. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या गटाने 2011 मध्ये हिंदी-इंग्रजी वाचणाऱ्यांचे मेंदू तपासले, तेव्हा ज्यांनी दोन्ही लिप्या लहानपणी एकत्रच शिकल्या त्यांच्यात हिंदीसाठी एक आणि इंग्रजीसाठी दुसरी वाट वेगळी दिसली, इंग्रजी उशिरा शिकलेल्यांत ही फारकत तशी दिसली नाही. महाराष्ट्रात मराठी माध्यमाला पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, त्याआधी ते पाचवीत यायचं, तेव्हा घरात आजोबा आणि नात एकच पेपर वाचत असले तरी वाट एकच असेल असं धरता येत नाही.

दोन भाषांपैकी एक वापरताना दुसरी बंद होते, हाही समज बरोबर नाही. मॅरियन आणि स्पायवी यांनी 1999 मध्ये रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांना टेबलावरचं टपालाचं तिकीट उचलायला सांगितलं, रशियनमध्ये ते ‘मार्कू’, तर लोकांचे डोळे क्षणभर शेजारच्या मार्कर पेनाकडे जाऊन आले. इंग्रजीत कुणी बोललंही नव्हतं. पण या सरमिसळीने डिस्लेक्सिया होतो असं मात्र नाही, दोन भाषांमुळे पोर गोंधळलं म्हणून एक भाषा बंद करा हा सल्ला निराधार आहे.

आता लिपीचा भाग. ‘शर्ट’ हा एकच शब्द घ्या. देवनागरीत श, मग ट च्या डोक्यावर रफार. रफार दिसतो शेवटच्या अक्षरावर पण उच्चारायचा त्याच्या आधी, एवढी एक उलटी उडी जमली की शब्द सुटला. इंग्रजीत तोच शब्द एस-एच-आय-आर-टी, पहिली दोन अक्षरं मिळून एक आवाज, आणि मधला आय ‘इ’ नाही, ‘आय’ पण नाही. डिस्लेक्सिया असलेलं मूल मराठी ‘शर्ट’ अडखळत, बोट ठेवून, पण बरोबर वाचतं, आणि इंग्रजीत ‘शिर्ट’ म्हणतं किंवा अंदाजाने ‘शॉर्ट’ ठोकून देतं. घरचे म्हणतात मराठी येतं की त्याला, इंग्रजीचाच कंटाळा करतो.

पहिल्या वेलांटीचंही रफारासारखंच. ‘निश्चित’ मध्ये श् आणि च् दोन्ही बोलून मग इ येते, पण वेलांटी छापलेली असते दोघांच्याही आधी. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांत दाखवलं की अशा शब्दांना वेळ जास्त लागतो, म्हणजे देवनागरी वाचताना आपण अख्खं अक्षर एकदम गिळत नाही, आतले आवाजही मोजतो. मराठीत शिवाय ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचा, यातला ज वेगळा, पण लिहिताना फरक नाही, तेव्हा ‘जसं लिहितो तसं वाचतो’ हे बरंचसं खरं, पूर्ण नाही.

एकाच माणसात एका लिपीत अडचण आणि दुसरीत नाही, याचं सर्वांत चर्चेतलं उदाहरण जपानमधलं आहे. वायडेल आणि बटरवर्थ यांनी 1999 मध्ये ए. एस. नावाने नोंदवलेला 16 वर्षांचा मुलगा, आईवडील इंग्रजी बोलणारे, शाळा जपानी. इंग्रजी वाचनात तो जपानी वर्गमित्रांच्याही मागे, आणि जपानी मात्र वयाच्या मानाने उत्तम. लेखकांचं म्हणणं, चिन्ह आणि आवाज यांचं नातं सरळ असेल, किंवा चिन्हामागे मोठा तुकडा असेल (अख्खं अक्षर, अख्खा शब्द), तर अडचण उघडी पडत नाही. इंग्रजीत नातं वाकडं आणि तुकडा बारीक. याउलट पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये इटालियन, फ्रेंच, इंग्रजी डिस्लेक्सिक लोकांचे मेंदू पाहिले, इटालियन लोक चुका कमी करत होते पण मेंदूच्या त्याच भागात हालचाल तशीच कमी होती. दोन्ही एकत्र ठेवली तर मूळ अडचण एकच आणि दिसते मात्र लिपीप्रमाणे वेगळी, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

मराठीत ओळखायचं तर चुका मोजून भागत नाही, वेग बघावा लागतो. चौथीतलं मूल ओळीतलं प्रत्येक जोडाक्षर फोडून वाचतंय, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतंय, अर्थ नसलेला बनावट शब्द दिला की थांबतंय, या खुणा. इंग्रजी चाचणीचं भाषांतर करून भागत नाही. ‘पाटी’ मधून ‘पा’ काढ म्हटलं तर मराठी मूल लगेच ‘टी’ म्हणेल, पण नुसता ‘प्’ काढून ‘आटी’ म्हण असं सांगितलं तर चांगलं वाचणारं मूलही घोटाळतं, कारण लिपीनेच त्याला अक्षराची सवय लावलेली असते. आवाज काढण्याच्या या एका प्रश्नावर शिक्का मारला तर निम्मा वर्ग डिस्लेक्सिक ठरेल. मानेसरच्या केंद्राने केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीही आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता धरलेली आहे.

लेखनातल्या चुकांवरून निष्कर्ष काढताना तर जास्तच जपावं लागतं. अक्षर गळणं, जोडाक्षरातली व्यंजनं उलटी होणं, ‘शब्द’ चं ‘शद्ब’, ही एरवीच्या मुलांत वय वाढलं की कमी होतात, डिस्लेक्सियात टिकतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र खूण म्हणून निरुपयोगी. मराठी बोलण्यात शेवटच्या इ-ई चा फरक कानाला कळतच नाही, तो नियमाने पाठ करायचा असतो, आणि ‘आणि’ ची वेलांटी चुकवणाऱ्यांत शिक्षकही येतात.